पिग आयर्नची उधारी आणि मोठ्या मालाचा रेट: व्यापाऱ्याशी बोलायच्या आधी काढायचा हिशोब

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी छोटी ग्रे आयर्न फाउंड्री आहे. महिन्याला साधारण २५ टन पिग आयर्न लागतं. आठ वर्षं एकाच व्यापाऱ्याकडून घेतोय, ८-८ टनांच्या गाड्या, ३० दिवस उधारी. कधी आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतं, पण शेठ काही बोलत नाहीत. माझे गिऱ्हाईक ७५ दिवसांनी पैसे देतात. मला ६० दिवस उधारी हवी आहे आणि माल इतका घेतो तर रेटही कमी हवा. संबंध न बिघडवता कसं बोलू?

उत्तर :

बोलणं नंतर. आधी त्या व्यापाऱ्याचा गेल्या वर्षाचा खातेउतारा काढा. प्रत्येक बिलाची तारीख आणि त्या बिलाचे पैसे प्रत्यक्ष गेल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहा. टॅलीत बिलवार नोंदी असतील तर हे काम दहा मिनिटांचं आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी ‘चार लाख पाठवले, तीन लाख पाठवले’ असं खात्यावर जमा असतं. तसं असेल तर सगळ्यात जुनं बिल आधी फिटलं असं धरून लावत जा. मग बिलाची रक्कम गुणिले लागलेले दिवस, या सगळ्यांची बेरीज करा आणि तिला एकूण रकमेने भागा. जो आकडा येईल ती तुमची खरी उधारी.

‘आठ-पंधरा दिवस मागेपुढे’ असं लिहिणाऱ्याची सरासरी पुष्कळदा ४५ ते ५० च्या मधे निघते. तुमची ४८ आली असं धरून चालू. पिगचा रेट रोज हलतो, म्हणून हिशोबासाठी टनाला ४२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४९,५६० रुपये धरतो. पुढचे सगळे आकडे याच धर्तीचे आहेत. तुमचे स्वतःचे घालून पुन्हा करून बघा.

आता शेठच्या बाजूने बघा. कोप्पळ-होस्पेटकडचा किंवा गोव्याचा कारखाना व्यापाऱ्याला सहसा उधार देत नाही. आधी पैसे, मग गाडी. म्हणजे तुमच्या दारात माल उतरतो त्याच्या आधीच त्याचे ४९-५० हजार टनामागे गुंतलेले असतात, आणि ते तो बँकेच्या कॅश क्रेडिटमधून काढतो. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर टनामागे दिवसाला १६ रुपये होतात. हा १६ चा आकडा पाठ करून ठेवा, पुढची सगळी बोलणी त्यावर चालतात. तुम्ही ३० चे ४८ केलेत, म्हणजे १८ दिवस जादा, म्हणजे टनामागे २९० रुपये. शेठ काही बोलत नाहीत, कारण ते २९० रुपये त्यांनी रेटमध्ये आधीच धरले आहेत. बिलाच्या खाली ‘मुदतीनंतर २४ टक्के व्याज आकारले जाईल’ असं छापलेलं असतं आणि ते व्याज कधी आकारलं जात नाही, याचंही कारण हेच.

म्हणून तुम्ही जाऊन ६० दिवस मागितलेत तर त्यांच्या कानाला ते ६० ऐकूच येत नाही. ज्याचे ३० दिवस ४८ वर जातात त्याचे ६० किती होतील, हा हिशोब ते तुमच्यासमोर चहा पिता-पिताच करतात. ७८ धरा. आजच्यापेक्षा ३० दिवस जादा, टनामागे ४८०-४९० रुपये. ते ‘हो, बघू की’ म्हणतील, आणि पुढच्या गाडीला रेट पाचशेने वर असेल. ‘कंपनीनंच वरून वाढवलाय हो’ हे त्याचं कारण असेल, आणि ते खरं की खोटं हे तपासायची सोय तुमच्याकडे नसेल.

माझं मत सरळ आहे. ६० मागू नका, ४५ मागा, आणि ते दर महिन्याच्या १० आणि २५ तारखेला पक्के द्या. आज सरासरी ४८ दिवसांनी पैसे जातातच. कागदावर ४५ करून घेणं आणि ते पाळणं, यात शेठचा एक पैसाही जात नाही, उलट तीन दिवस त्यांच्या बाजूला सुटतात. शिवाय तारीख कळली की त्यांना स्वतःच्या कारखान्याची भरणी आखता येते. ही त्यांची खरी गरज असते. पैसे उशिरा येण्यापेक्षा कधी येणार हे न कळण्याचा त्रास व्यापाऱ्याला जास्त. तुमचा फायदा असा की रोज फोनवर ‘उद्या करतो’ म्हणावं लागत नाही, आणि ठरलेली मुदत तुमच्या स्वतःच्या हिशोबात धरता येते.

पण एक गोष्ट बघा. पुढचे तीन महिने १० आणि २५ तारखेला पैसे खरोखर जाणार आहेत का? तुमचं येणं ७५ दिवसांनी आहे, म्हणजे मधले ३० दिवस तुम्हालाच ओढायचे आहेत. ते जमत नसेल तर ४५ चा शब्द देऊ नका. आणि शब्द म्हणून पुढच्या तारखेचे चेक तर अजिबात वाटू नका. चेक परत गेला तर कलम १३८ चं लफडं वेगळंच, पण त्याआधी संध्याकाळपर्यंत शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल तिन्हीकडच्या व्यापाऱ्यांना ते कळलेलं असतं. ठरलेल्या तारखेला आरटीजीएस आणि त्याचा यूटीआर नंबर व्हॉट्सॲपवर, इतकं पुरतं.

बोलताना उतारा बरोबर न्या आणि तुम्हीच तो पुढे करा. काहीसं असं : ‘शेठ, आपलं ठरलंय तीस दिवसांचं, पण माझे पैसे सरासरी अठ्ठेचाळीस दिवसांनी येतात. हे तुम्हालाही माहीत आहे. आपण तीस-तीस म्हणत बसण्यापेक्षा पंचेचाळीस पक्के करू. दहा आणि पंचवीस तारीख. मागचं जे थकलंय ते या महिन्यात साफ करतो, नव्या गाडीपासून नवीन हिशोब. चुकलं तर रुपया-रुपयाचं व्याज लावा, डेबिट नोट काढा, मी भरीन.’ मागचं साफ करण्याचा भाग टाळू नका. जुनी थकबाकी तशीच ठेवून नवीन मुदत मागणाऱ्याला कुणी गांभीर्याने घेत नाही. आणि या बैठकीत रेटचा विषय काढू नका. शेठ स्वतःच म्हणतील, ‘रेट तर तुम्हाला घरचाच लावलाय.’ म्हणू द्या. रेटची बैठक दोन महिन्यांनी, चार तारखा पाळून झाल्यावर.

आता मोठ्या मालाचा रेट. ‘मी महिन्याला २५ टन घेतो’ याला एकट्याला बाजारात किंमत नाही. जास्त माल घेतल्यामुळे व्यापाऱ्याचा खर्च कुठे कमी होतो, तेवढाच तो सोडू शकतो. तुमच्या बाबतीत तो खर्च समोर दिसतो आहे. कारखान्याकडून २५ टनांची गाडी निघते, त्याच्या यार्डात उतरते, तिथे आठ-दहा दिवस पडते, मग पुन्हा भरून छोट्या गाडीने तुमच्याकडे येते. उतरवणं-भरणं टनाला २०० रुपये, स्थानिक भाडं २०० ते २५०, आणि दहा दिवस यार्डात पडून राहिल्याचं व्याज १६० रुपये असं धरलं तर टनामागे सहाशेच्या आसपास जातात. तीच गाडी कारखान्यातून थेट तुमच्या दारात आली, बिल शेठच्या नावावरून तुमच्या नावावर झालं, तर हे सहाशे वाचतात. यातले ४०० तुम्ही मागायचे आणि २०० त्यांच्याकडे राहू द्यायचे. सगळे मागितले तर त्यांना या बदलात रसच उरत नाही.

मात्र ४०० मिळाले म्हणजे ४०० वाचले असं नाही. पूर्वी तीन बिलं महिन्यात दहा-दहा दिवसांच्या अंतराने पडत होती. आता २५ टनांचं एकच बिल पहिल्या दिवशी पडतं आणि ४५ दिवस तिथून मोजले जातात. म्हणजे तुमचे पैसे सरासरी दहा दिवस आधी जातात. तुमच्या कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के धरला तर टनामागे दिवसाला १५ रुपये, दहा दिवसांचे दीडशे. हातात राहतात २५०. महिन्याला सव्वासहा हजार, वर्षाला ७५ हजार. फार मोठी रक्कम नाही, पण फोन करून ‘अजून जरा बघा की’ म्हणत पन्नास रुपये कमी करून घेण्यापेक्षा बरी, आणि दरवर्षी टिकणारी.

थेट गाडी घ्यायची तर दारात तीन गोष्टींची तयारी लागते. पहिली जागेची. २५ टन ठेवायला पक्की, कोरडी फरशी हवी, आणि दोन ग्रेड एकत्र होणार नाहीत असे कप्पे हवेत. दुसरी वजनाची. यार्डातून ८ टन यायचे तेव्हा फरक पडला तरी शेठ शेजारीच होते. थेट गाडीचं वजन कारखान्याच्या काट्यावर झालेलं असतं, आणि तुमच्या काट्यावर ते १५० किलो कमी भरलं तर टनामागे अडीचशे रुपये गेले, म्हणजे सगळी कमाई तिथेच संपली. म्हणून आधीच ठरवा : कोणता काटा ग्राह्य, किती टक्क्यांपर्यंतचा फरक कुणी सोसायचा, त्याच्या वर असेल तर चोवीस तासांत कळवायचं आणि रिकाम्या गाडीचंही वजन करायचं.

तिसरी गोष्ट रसायनाची. इथे लोक सर्वात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. तुम्ही आज सिलिकॉन दोन टक्क्यांच्या आसपास असलेला फाउंड्री ग्रेड पिग घेत असाल. रेट खाली आणा म्हटल्यावर व्यापारी म्हणतो, ‘एक लॉट आहे, पाचशेने स्वस्त.’ माल येतो, वितळतो, कास्टिंगही होतात. फक्त सिलिकॉन दीड टक्का असतो. अर्ध्या टक्क्याची तूट म्हणजे टनाला ५ किलो सिलिकॉन. ते फेरोसिलिकॉनने भरून काढावं लागतं. ७० टक्के सिलिकॉनचं फेरोसिलिकॉन आणि त्यातलं ९० टक्के धातूत उतरलं असं धरलं तर साधारण ८ किलो लागतं. किलोला १०० रुपये धरा, ८०० रुपये झाले. पाचशे वाचवले आणि आठशे घातले. हे खरेदीच्या कागदावर कधीच दिसत नाही. ते दिसतं फेरोसिलिकॉनच्या महिन्याच्या खपात. म्हणून रेट कमी झाल्यापासून पुढचे दोन महिने टनामागे फेरोसिलिकॉन किती गेलं हा आकडा भट्टीवरच्या माणसाकडून रोज लिहून घ्या. तो वर सरकला की समजायचं. फॉस्फरस आणि गंधक यांचंही तसंच. ते तर भट्टीत भरूनही काढता येत नाहीत. पातळ भिंतींच्या किंवा दाबावर चाचणी होणाऱ्या कास्टिंगमध्ये फॉस्फरस वाढला तर रिजेक्शन वाढतं आणि दोष सँडवर जातो. थोडक्यात, रेट ठरवताना ‘पिग आयर्न’ असं मोघम लिहू नका. सिलिकॉन इतक्यापासून इतक्यापर्यंत, फॉस्फरस-गंधक जास्तीत जास्त इतकं, आणि प्रत्येक गाडीबरोबर त्या लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट. सिलिकॉन खाली गेल्यास प्रत्येक ०.१ टक्क्याला १६० रुपये वजा, हेही वरच्याच हिशोबातून निघतं.

वर्षाचा माल एका रेटने बांधून घ्यायचा मोह टाळा. पिगचा भाव कोकिंग कोल आणि लोहखनिजाच्या भावाबरोबर वर-खाली होतो. भाव चढला की बांधलेल्या रेटने माल देणाऱ्याची ‘गाडीच लागेना’ होते, आणि उतरला की तुम्हीच दुसऱ्याकडे बघायला लागता. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही. बांधायचा तो रेटचा हिशोब. कारखान्याने त्या दिवशी व्यापाऱ्याला लावलेला रेट, अधिक प्रत्यक्ष भाडं, अधिक व्यापाऱ्याचं टनामागे ठरलेलं कमिशन आणि ४५ दिवसांचं व्याज. रेट ऑर्डरच्या दिवसाचा की गाडी भरल्याच्या दिवसाचा, हे आधी ठरलं पाहिजे. माझ्या मते भरल्याच्या दिवसाचा, कारण कारखानाही तोच लावतो. शेठ कारखान्याचं बिल दाखवायला तयार होणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मीही झालो नसतो. त्याला उपाय दुसरा व्यापारी. महिन्याच्या २५ पैकी सरासरी ४ टन दुसरीकडून खरोखर घेत राहा. तुमचा रेट कुठे आहे हे त्याच्या बिलावरून कळतं. नुसतं खोटं कोटेशन दाखवून घासाघीस करू नका. पिगचे व्यापारी इथे मोजकेच आहेत आणि ते एकमेकांना संध्याकाळी फोन करतात. थेट गाडीचं गणित मात्र २५ टनांवर बसलेलं आहे, म्हणून दुसऱ्याकडचे टन वर्षातून एक-दोन गाड्या वगळून बसवावे लागतील. हे शेठना आधीच सांगा : वर्षाला दहा गाड्या तुमच्या, दोन बाहेरच्या.

दहा गाड्यांची हमी देताना एक अट घाला. पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये तो काही दिवस बंदच होता. कोप्पळची गाडी निपाणीकडून येते आणि तुमच्याकडे यायला तिला नदी ओलांडावीच लागते. तेव्हा जुलै-ऑगस्टची गाडी जूनअखेरीस उतरवून घ्यायची, आणि रस्ता बंद असेल तर हमीतली गाडी पुढे ढकलायची, दंड कुणालाच नाही. त्या जूनच्या जादा गाडीला १५ दिवस वाढीव मुदत मागा. वर्षातून एकदाच मागितलेलं मिळतं.

चार-सहा महिने तारखा पाळून झाल्या की शेठना दोन रेट विचारा : गाडी सुटताना पूर्ण पैसे दिले तर काय, आणि ४५ दिवसांनी दिले तर काय. समजा रोखीचा ४१,१०० आणि उधारीचा ४२,००० आला. ४१,१०० वर ९०० रुपये म्हणजे ४५ दिवसांना २.१९ टक्के, वर्षाला जवळपास १८ टक्के. तुमचं बँकेचं व्याज ११. म्हणजे बँकेचे पैसे उचलून शेठला रोख द्यावेत. जीएसटीसह ४८,५०० रुपयांचं ४५ दिवसांचं व्याज साडेसहाशे होतं, टनामागे अडीचशे सुटतात. दोन रेटमधला फरक साडेसहाशेच्या खाली असेल तर रोखीच्या फंदात पडू नका, उधारीच स्वस्त आहे. आणि तुमची बँकेची मर्यादा पूर्ण वापरलेली असून बाहेरून दोन टक्के महिन्याने पैसे उचलत असाल तर शेठची १८ टक्क्यांची उधारी तुमच्यासाठी स्वस्तच. त्यात कमीपणा नाही, फक्त ते १८ आहे हे माहीत असावं.

‘मर्यादेत जागा नाही’ म्हणण्याआधी ड्रॉइंग पॉवरचा कागद एकदा वाचा. बहुतेक बँका स्टॉकमधून मालापोटी तुम्ही देणं लागता ती रक्कम वजा करतात आणि उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन धरून पैसे देतात. म्हणजे उधारीवर आणलेल्या पिगवर तुम्हाला बँक काहीच देत नाही. शेठचे १० लाख फेडले तर देणं १० लाखांनी कमी होतं आणि ड्रॉइंग पॉवर साडेसात लाखांनी वाढते. खिशातले लागतात अडीच लाख. मंजूर मर्यादेत जागा असेल आणि स्टॉक देण्यापेक्षा जास्त असेल तरच हे जमतं, पण पुष्कळ जण हे बघतच नाहीत. त्याच कागदावर ९० दिवसांपेक्षा जुनी येणी सहसा धरली जात नाहीत, तेही लक्षात असू द्या. ७५ दिवसांचा गिऱ्हाईक दोन आठवडे घसरला की तुमची मर्यादा आकसते.

कायद्याचं थोडक्यात. आयकरातल्या ज्या तरतुदीला सगळे ४३बी(एच) म्हणतात, ती मायक्रो आणि स्मॉल उत्पादक व सेवा देणाऱ्यांच्या बिलांना लागते. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मुदत उलटून गेलेलं बिल ३१ मार्चला तसंच थकलेलं असेल तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. तुमचा पिगचा शेठ निव्वळ व्यापारी आहे, त्यामुळे त्याच्या बिलाला हे लागू नाही. पण कोअर बनवणारा, पॅटर्नवाला, कोटिंग किंवा बाइंडर बनवणारा छोटा कारखानदार यांना लागू आहे. त्यांचं उद्यम प्रमाणपत्र मागून ठेवा, त्यावर उत्पादक की व्यापारी हे लिहिलेलं असतं. त्यांच्याकडे ६० दिवस मागणं म्हणजे स्वतःवरच कर ओढवून घेणं. १ एप्रिल २०२५ पासून स्मॉलची मर्यादा १०० कोटींच्या उलाढालीपर्यंत गेली आहे, त्यामुळे पूर्वी यात नसलेले काही पुरवठादारही आता आले असतील.

हीच तरतूद उलट बाजूने तुमच्या कामाची आहे. तुम्ही उद्यममध्ये उत्पादक म्हणून नोंदलेले असाल, तर ७५ दिवस लावणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सवाल्यांना फेब्रुवारीत प्रमाणपत्राची प्रत आणि थकीत बिलांची यादी पाठवा. मार्चअखेर त्यांनाही तो खर्च हवा असतो. गिऱ्हाईक २५० कोटींच्या वरच्या उलाढालीची कंपनी असेल तर तिला ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. तिथे तुमचं बिल मंजूर झालं की बँक ते वटवून देते आणि व्याजदर गिऱ्हाइकाच्या पतीवर ठरतो, तुमच्या नाही. कंपनी नोंदलेली असूनही तुमची बिलं तिथे चढवत नसेल, तर त्यांच्या खरेदीवाल्याशी त्यावर बोला. पिगचे १५ दिवस वाढवून मिळवण्यात जेवढी ताकद जाते तेवढ्यात इथे ४० दिवस सुटू शकतात.

चार फाउंड्र्यांनी मिळून एकत्र माल घ्यावा ही सूचना असोसिएशनच्या बैठकीत दर दोन वर्षांनी येते. सिलिका सँडला किंवा बेंटोनाइटला ते जमतं, कारण सगळ्यांना साधारण एकच माल लागतो. पिगला अवघड. एकाला एसजीसाठी मँगनीज कमी हवं, दुसऱ्याला सिलिकॉन जास्त हवं, आणि एकाने पैसे थकवले की चौघांची उधारी बंद.

ठरलेलं सगळं एका पानाच्या पत्रात किंवा मेलमध्ये घाला : मालाचा ग्रेड आणि मर्यादा, वर्षाला दहा गाड्या, ग्राह्य काटा, रेटचा हिशोब, ४५ दिवस बिलाच्या तारखेपासून, पैसे १० व २५ तारखेला, उशिराला व्याज. सवलत बिलातच वजा करून घ्या. वर्षाअखेर क्रेडिट नोटने देतो म्हणाले तर जीएसटीचा हिशोब दोघांनाही सीएकडून जुळवून घ्यावा लागतो. शेठ सही करायला कां-कूं करतील, आठ वर्षांत कधी कागद झालेला नसतो. आग्रह धरू नका. मेल पाठवा आणि ‘पहिल्या तीन गाड्या अशा घेऊन बघू, मग बोलू’ एवढंच खाली लिहा. तिसऱ्या गाडीचे पैसे वेळेवर पोचले की त्या मेलला त्यांच्या मुलाचं किंवा मुनीमजींचं ‘ओके’ येतं, आणि पुढच्या वर्षी हिशोबाला तेच पुरतं.